६०० जीबीच्या फाइलीतली १६०८ अक्षरं

राजारामपुरीतल्या एका छोट्या जनुकीय तपासणी प्रयोगशाळेचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. त्यांच्याकडे थॅलेसेमियाची शंका असलेली कुटुंबं येतात. कोल्हापूरबरोबरच कागल, गडहिंग्लज, कधी निपाणीहूनही. एखाद्या मुलात बीटा ग्लोबिनच्या जनुकात, म्हणजे HBB मध्ये, बदल सापडला की प्रयोगशाळेच्या मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हा बदल आपल्याकडच्या लोकांत आधी किती जणांत दिसलाय? त्यासाठी त्यांच्याकडे एका सहयोगी गटाकडून आलेली एक फाइल होती, १२०० लोकांच्या संपूर्ण जीनोममधल्या फरकांची. नाव `cohort.vcf.gz`, आकार ६० जीबी.

व्हीसीएफ ही साधी मजकुराची फाइल असते. एका ओळीत एक जागा : गुणसूत्र, स्थान, मूळ अक्षर, बदललेलं अक्षर आणि पुढे प्रत्येक माणसासाठी एक रकाना. रकान्यात `0/0:30,0:30:90:0,90,1350` असं काहीतरी असतं, म्हणजे टॅब धरून २५ बाइट्स. १२०० माणसं म्हटल्यावर एक ओळ ३० केबीच्या घरात जाते. फाइलीत अशा साधारण दोन कोटी ओळी होत्या, म्हणजे उलगडल्यावर ६०० जीबी. दाबून त्याची दशांश झाली होती, कारण बहुतेक रकाने एकसारखेच असतात.

यातून HBB काढायचं म्हणजे किती? जीनोमच्या GRCh38 आवृत्तीत हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर ५२,२५,४६४ ते ५२,२७,०७१ या जागेत आहे, म्हणजे १६०८ अक्षरं. दर दीडशे अक्षरांमागे एक फरक धरला तर अकरा-बारा ओळी. या अकरा-बारा ओळींसाठी प्रयोगशाळेतला मुलगा हे चालवत होता :

```
zcat cohort.vcf.gz | awk '$1=="chr11" && $2>=5225464 && $2<=5227071'
```

एका प्रश्नाला चाळीस मिनिटं, कधी जास्तच. "सर, हे लावतो आणि गंगावेशीत दूध पिऊन येतो. आलो की उत्तर तयार असतंय," असं तो मला हसत हसत म्हणाला. जनुक ओलांडल्यावर awk ला थांबायला सांगितलं असतं तर थोडा वेळ वाचला असता, पण फार नाही. फाइलीत गुणसूत्रं १ ते २२ या क्रमाने होती आणि पहिली दहा बरीच लांब असतात. अकराव्याच्या सुरुवातीला पोचेपर्यंत फाइल साठ टक्क्यांच्या पुढे गेलेली असते.

त्याने इंडेक्स करून पाहिला नव्हता असं नाही. `tabix` चालवल्यावर त्याला उत्तर मिळालं होतं की या फाइलीचं कॉम्प्रेशन BGZF नाही. नावाच्या शेवटी `.gz` आहे, `zcat` ने उघडते, मग अडचण कसली, हे न कळल्याने त्याने तो नाद सोडला होता. खरी गोम तिथेच होती.

साधं जीझिप मजकूर दाबतं तेव्हा दोन गोष्टी करतं. मागे येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला की तो न लिहिता "मागे इतक्या बाइट्सवर जा, तिथून इतकी अक्षरं उचल" एवढंच लिहितं. हे मागे जाणं ३२ केबीपर्यंत असतं. मग उरलेल्याला कमी-जास्त लांबीच्या बिट्सचे संकेत देतं. किराण्याच्या वहीत मधलंच पान उघडावं आणि सगळीकडे "वरीलप्रमाणे" लिहिलेलं दिसावं, तशी गत होते. वरचं पान नसेल तर खालचं वाचता येत नाही, आणि वरचं पानही त्याच्या वरच्यावर टेकलेलं. शिवाय संकेत बाइटच्या सीमेवर सुरू होतातच असं नाही, त्यामुळे ३० अब्जाव्या बाइटवर उडी मारली तरी नवा संकेत कुठल्या बिटपासून सुरू होतो तेच कळत नाही. म्हणून पहिल्या बाइटपासून सगळं उलगडत जाण्याशिवाय इलाज नसतो. डिस्क कितीही वेगवान घेतली तरी फरक पडत नाही, कारण वेळ उलगडण्यात जातो आणि साधं `gzip` ते एकाच कोअरवर करतं.

BGZF मध्ये यावर काढलेला तोडगा अगदी सरळ आहे. मजकुराचे ६४ केबीपेक्षा मोठे नसलेले तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र जीझिप म्हणून दाबायचा. कुठलाही तुकडा आपल्या आधीच्या तुकड्याकडे बोट दाखवत नाही. `bgzip` हा प्रोग्रॅम एका तुकड्यात ६५,२८० बाइट्स भरतो. जीझिपच्या नियमांत असे एकापाठोपाठ एक जोडलेले तुकडे चालतात, त्यामुळे `zcat` ला काही वेगळं वाटत नाही आणि तो शांतपणे सगळं उलगडून देतो. किंमत एवढीच की प्रत्येक तुकड्याला मागची आठवण नसल्यामुळे फाइल थोडी फुगते.

म्हणून शेपटीच्या `.gz` वर विश्वास ठेवू नये, सुरुवातीचे बाइट्स बघावेत. BGZF फाइल अशी दिसते :

```
$ xxd -l 16 cohort.b.vcf.gz
00000000: 1f8b 0804 0000 0000 00ff 0600 4243 0200  ............BC..
```

`1f8b` ही जीझिपची ओळख. चौथा बाइट `04` सांगतो की शीर्षकात जादा माहितीचा रकाना आहे. `4243` म्हणजे `BC` ही दोन अक्षरं BGZF ची खूण. त्यापुढचे `0200` ओलांडले की येणाऱ्या दोन बाइट्समध्ये त्या दाबलेल्या तुकड्याची लांबी एक वजा करून लिहिलेली असते. त्यामुळे तुकडा न उलगडताच पुढचा कुठे सुरू होतो हे कळतं. आमच्या मूळ फाइलीत `BC` नव्हतं. मधे कुणीतरी ती उघडून शीर्षकातली एखादी ओळ बदलली असणार आणि सवयीने `gzip` मारलं असणार. असं फार वेळा होतं आणि करणाऱ्याला कधीच कळत नाही, कारण त्याच्याकडे सगळं व्यवस्थित उघडतं.

इथे दुसरा एक रस्ता होता आणि मी त्याचा विचार केला. झीलिब लायब्ररीबरोबर मार्क ॲडलर यांचं `zran.c` नावाचं उदाहरण येतं. साधी जीझिप फाइल एकदा पूर्ण वाचायची आणि ठरावीक अंतरावर खुणा ठेवायच्या. प्रत्येक खुणेपाशी नेमका बिट आणि मागचा ३२ केबी मजकूर जपून ठेवायचा. मग त्या खुणेपासून उलगडायला सुरुवात करता येते, मूळ फाइलीला हात लावावा लागत नाही. पण हिशोब करा. दर एक एमबीला खूण ठेवली तर ६०० जीबीला सहा लाख खुणा, प्रत्येकी ३२ केबी, म्हणजे नुसता इंडेक्सच १९-२० जीबीचा. दर १०० एमबीला ठेवली तर तो २०० एमबीत बसतो, पण मग प्रत्येक प्रश्नाला सरासरी ५० एमबी फुकट उलगडावे लागतात. फाइल दुसऱ्याची असेल, बदलायची परवानगी नसेल, तर हा मार्ग उत्तम. आमच्याकडे डिस्कवर जागा होती आणि फाइलीची ही प्रत आमचीच होती, म्हणून सरळ पुन्हा दाबली :

```
gzip -dc cohort.vcf.gz | bgzip -@ 8 -c > cohort.b.vcf.gz
tabix -p vcf cohort.b.vcf.gz
```

पहिल्या ओळीला जुनीच चाळीस-पन्नास मिनिटं लागतात, कारण डावीकडचा `gzip` एकाच कोअरवर अडकलेला असतो. `bgzip` ला आठ धागे दिले तरी ते बरेचदा रिकामेच बसतात. नवी फाइल ६३ जीबीची झाली, आणि तिच्याशेजारी काही एमबीची `.tbi` आली. ओळी गुणसूत्र आणि स्थानाच्या क्रमाने लावलेल्या नसत्या तर दुसरी आज्ञा अडली असती. अशा वेळी `Unsorted positions` असा संदेश येतो आणि कुठल्या स्थानानंतर कुठलं आलं तेही सांगतो. आमच्या ओळी क्रमात होत्या.

आता इंडेक्सच्या आत काय असतं ते आमच्याच प्रश्नावर लावून बघू. `tabix` हे २०११ मध्ये हेंग ली यांनी प्रसिद्ध केलं आणि त्याची रचना बॅम फाइलींच्या इंडेक्सवरून घेतलेली आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या १६,३८४ अक्षरांच्या खिडक्या करतात. दोनचा चौदावा घात असल्याने कुठलंही स्थान कुठल्या खिडकीत आहे हे एका भागाकारात कळतं.

याच HBB मधला सिकलसेलचा नेहमीचा बदल अकराव्यावर ५२,२७,००२ या स्थानी आहे. इंडेक्स मोजणी शून्यापासून करतो, म्हणून ५२,२७,००१ घ्या आणि १६,३८४ ने भागा : भागाकार ३१९, बाकी ५०५. म्हणजे खिडकी ३१९. जनुकाची सुरुवात ५२,२५,४६४ ला, म्हणजे ५२,२५,४६३ भागिले १६,३८४ : भागाकार ३१८, बाकी १५,३५१. एवढंसं १६०८ अक्षरांचं जनुक, पण नेमकं दोन खिडक्यांच्या सीमेवर बसलंय.

या खिडक्या म्हणजे सगळ्यात लहान पेट्या. त्यांच्यावर सव्वा लाख, दहा लाख, ऐंशी लाख अशा आठपटीने मोठ्या होत जाणाऱ्या पेट्यांचे थर आहेत आणि सगळ्यांत वर एकच पेटी, ५३ कोटी ६८ लाखांची. प्रत्येक पेटीला क्रमांक असतो. सगळ्यात लहान पेट्यांचे क्रमांक ४६८१ पासून सुरू होतात, म्हणून खिडकी ३१८ आणि ३१९ च्या पेट्या ४९९९ आणि ५०००. त्यांच्यावरच्या ६२४, ७७, ९, १ आणि ०. नियम असा की कुठलीही नोंद ज्या सर्वांत लहान पेटीत पूर्ण मावते तिथेच जाते. एका अक्षराचा बदल नेहमी खालच्या थरात बसतो. पण एखादी गाळणी, म्हणजे डीएनएचा लांब तुकडा गायब असलेली नोंद, दोन खिडक्यांच्या सीमेवर आडवी पडली तर ती ४९९९ मध्येही मावत नाही आणि ५००० मध्येही नाही, म्हणून वरच्या ६२४ मध्ये जाते. त्यामुळे HBB विचारलं की `tabix` फक्त या सात पेट्या उघडून बघतो. एका गुणसूत्राला एकूण ३७,४४९ पेट्या असू शकतात; उरलेल्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

पेटीत मजकूर नसतो, पत्ते असतात. एकेक पत्ता ६४ बिटांचा आकडा असतो आणि त्यात दोन आकडे कोंबलेले असतात : वरच्या ४८ बिटांत दाबलेल्या फाइलीत तुकडा कुठे सुरू होतो ते, आणि खालच्या १६ बिटांत तो तुकडा उलगडल्यावर आत कितव्या बाइटवर आपली ओळ आहे ते. तुकडा ६४ केबीपेक्षा मोठा नसतो ही अट इथे उपयोगी पडते, म्हणून १६ बिट पुरतात. समजा तुकडा दहा लाखाव्या बाइटवर सुरू होतो आणि ओळ आत पाच हजारांवर आहे. मग पत्ता १०,००,००० × ६५,५३६ + ५,००० = ६५,५३,६०,०५,०००. उलट जायचं तर ६५,५३६ ने भागा. भागाकार आणि बाकी हेच ते दोन आकडे. वाचणारा प्रोग्रॅम फाइलीत दहा लाखाव्या बाइटवर उडी मारतो, एक तुकडा उलगडतो, पहिले पाच हजार बाइट्स सोडतो आणि वाचायला लागतो.

तरीही थेट जनुकाच्या पहिल्या अक्षरावर कुणी पोचत नाही. आमच्या प्रश्नात वाचन खिडकी ३१८ च्या सुरुवातीपासून होतं. म्हणजे जनुकाच्या आधीची १५,३५१ अक्षरं, दीडशेमागे एक या हिशोबाने शंभरेक ओळी, वाचून टाकून द्याव्या लागतात, आणि मग हव्या त्या अकरा-बारा. सगळं मिळून ११३ ओळी, प्रत्येकी ३० केबी, म्हणजे ३.४ एमबी मजकूर, म्हणजे बावन्नेक तुकडे. दाबलेल्या फाइलीतून प्रत्यक्ष वाचले जातात ते साडेतीनशे केबी.

```
tabix cohort.b.vcf.gz chr11:5225464-5227071
```

एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर. मुलगा दोनदा बघत राहिला आणि म्हणाला, "सर, हे पूर्ण फाइल वाचून आलंय न्हवं?" त्याचा संशय रास्त होता, म्हणून जुन्या awk चं साठवून ठेवलेलं उत्तर आणि हे उत्तर `diff` ने ताडून पाहिलं.

आणि फरक निघाला. नव्या उत्तरात एक ओळ जास्त होती. तिचं स्थान ५२,२५,४६४ च्या थोडं आधीचं, म्हणजे आम्ही मागितलेल्या पट्ट्याच्या बाहेरचं. ती ६१९ अक्षरांची गाळणी होती. HBB च्या शेवटाचा भाग नाहीसा करणारी ही गाळणी भारतातल्या बीटा थॅलेसेमियाच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे आणि सिंधी कुटुंबांत विशेष आढळते. व्हीसीएफमध्ये नोंदीचं स्थान तिच्या डाव्या टोकाला लिहितात आणि हे टोक जनुकाच्या हद्दीबाहेर पडतं. awk फक्त दुसरा रकाना बघत होता, त्यामुळे ही ओळ त्याने आजवर प्रत्येक वेळी गाळली होती. `tabix` मात्र नोंद कुठपर्यंत पसरलीय हे मूळ अक्षरांच्या लांबीवरून किंवा `END` या खुणेवरून बघतो आणि पट्ट्यावर जराशी जरी आली तरी दाखवतो. व्हीसीएफ फाइली हाताळणाऱ्या `bcftools` मध्ये हाच फरक दोन पर्यायांत आहे : `-r` इंडेक्स वापरतो आणि पसरलेली नोंद धरतो, तर `-t` फाइल सुरुवातीपासून वाचतो आणि सहसा फक्त सुरुवातीचं स्थान बघतो. दोन्ही एकच आहेत असं समजून अदलाबदल करणारे मी बरेच पाहिलेत.

त्यानंतर मॅडमच्या रोजच्या प्रश्नासाठी एवढंच पुरे झालं. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वाधिक दिसणारा IVS1-5 हा बदल ५२,२६,९२५ ला आहे, तो कुणाकुणात आहे हे असं विचारता येतं :

```
bcftools query -r chr11:5226925 -i 'GT="alt"' \
  -f '[%SAMPLE\t%GT\n]' cohort.b.vcf.gz
```

गुणसूत्राचं नाव इथे जसं फाइलीत आहे तसंच लागतं. `chr11` च्या जागी `11` लिहिलं तर सहसा चूक दाखवली जात नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं. आपल्याकडच्या १२०० लोकांत हा बदल कुणातच नाही आणि मी गुणसूत्राचं नाव चुकीचं लिहिलं, या दोन्ही गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसतात. हे मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात धोकादायक वाटतं. `tabix -l` ने नावांची यादी बघावी, आणि शीर्षकातली `##contig` ची ओळही. अकराव्याची लांबी 135086622 असेल तर फाइल GRCh38 ची, 135006516 असेल तर GRCh37 ची. जुन्या आवृत्तीत सिकलसेलची जागा ५२,४८,२३२ होती. ती नव्या फाइलीत विचारली तर भलतीच जागा वाचली जाते.

रिकाम्या उत्तराचा पुढचा किस्सा तर इंडेक्समुळेच घडला. फाइल नंतर सर्व्हरवर ठेवली, म्हणजे मॅडमना घरूनही विचारता यावं. `tabix` ला फाइलीच्या नावाऐवजी वेबचा पत्ता दिला तरी चालतं : तो आधी `.tbi` उतरवून घेतो, मग सर्व्हरला फक्त हव्या त्या बाइट्सचा पट्टा मागतो. सर्व्हर असे पट्टे द्यायला तयार असायला हवा. तयार असेल तर उत्तरात २०६ हा क्रमांक येतो, नसेल तर २०० येऊन पूर्ण फाइलच पाठवायला लागतो, आणि घरच्या इंटरनेटवर ते लगेच जाणवतं. आमचा सर्व्हर तयार होता. HBB चं उत्तर घरीही क्षणात यायचं.

काही आठवड्यांनी सहयोगी गटाने X गुणसूत्राची वेगळी फाइल पाठवली. G6PD हे जनुक X वर आहे आणि नवजात बाळांच्या काविळीत त्याची विचारणा होते, म्हणून मॅडमना ती हवीच होती. शीर्षक सारखं असेल तर BGZF फाइली पुन्हा न दाबताही जोडता येतात, तुकडे एकामागे एक ठेवले की झालं. `bcftools concat --naive` नेमकं हेच करतं. जोडली, नवा इंडेक्स केला, दोन्ही सर्व्हरवर ठेवले. प्रयोगशाळेत G6PD च्या ओळी आल्या. मॅडमच्या लॅपटॉपवर एकही नाही.

अकरावं मात्र त्याच लॅपटॉपवर ठीक चालत होतं. तिथेच उत्तर दडलं होतं. वेबवरून विचारताना `tabix` उतरवलेला इंडेक्स चालू फोल्डरमध्ये ठेवून देतो, आणि पुढच्या वेळी त्याच नावाचा इंडेक्स तिथे सापडला तर नवा न मागता तोच वापरतो. मॅडमच्या फोल्डरमध्ये X येण्याआधीचा `.tbi` पडून होता. जोडणीने आधीचे तुकडे होते त्याच जागी राहिल्यामुळे जुने पत्ते अकराव्यासाठी अचूक होते. X चं नावच जुन्या इंडेक्सला ठाऊक नव्हतं. `tabix -l` ही गुणसूत्रांची यादी फाइलीतून नाही, इंडेक्समधून देतो. लॅपटॉपवर तो चालवला आणि `chrX` नाही हे दिसलं तेव्हा पाच मिनिटांत उलगडा झाला. जुना `.tbi` पुसला, आणि पुढे विचारताना `-D` हा पर्याय लावायचा ठरवलं, म्हणजे इंडेक्स खाली ठेवलाच जात नाही.

फाइल जोडण्याऐवजी पुन्हा दाबली असती तर प्रकार उलट झाला असता, आणि एका अर्थी बरा. सगळे तुकडे सरकले असते, जुना पत्ता एखाद्या तुकड्याच्या मध्येच पडला असता आणि तिथे `1f8b` न सापडल्यामुळे `Invalid BGZF header` असा ओरडा झाला असता. एकाच डिस्कवर दोन्ही फाइली असतील तर इंडेक्स डेटापेक्षा जुना आहे असा इशाराही मिळतो, पण तो फक्त फाइलींच्या तारखा बघून दिलेला असतो. कॉपी करताना `.tbi` आधी उतरला तर काही बिघडलं नसतानाही तो इशारा येतो, आणि शिळा इंडेक्स नंतर उतरला तर येत नाही. मी आता प्रत्येक नव्या फाइलीनंतर `bcftools index -s` चालवून प्रत्येक गुणसूत्राच्या ओळींची संख्या मूळ गटाने दिलेल्या संख्येशी ताडतो. कॉपी अर्धवट झाली का हे बघायला शेवटचे २८ बाइट्स पुरतात :

```
$ tail -c 28 cohort.b.vcf.gz | xxd -p
1f8b08040000000000ff0600424302001b0003000000000000000000
```

हा रिकामा तुकडा BGZF फाइलीच्या शेवटी नेहमी असतो. पावसाळ्यात वीज जाऊन कॉपी तुटली की दुसरंच काहीतरी दिसतं.

जाता जाता एक मर्यादा. वरची पेटी ५३,६८,७०,९१२ अक्षरांची असल्याने त्याहून लांब गुणसूत्राला `.tbi` चालत नाही. माणसाचं सगळ्यात लांब गुणसूत्र २५ कोटींच्या आत आहे, त्यामुळे आम्हाला चिंता नाही. आमच्या भागातल्या उसाचा एकूण जीनोम माणसाच्यापेक्षा मोठा असला तरी एकेक गुणसूत्र लहान असल्याने तोही बसतो. गव्हाचा मात्र बसत नाही, त्याचं 3B हे गुणसूत्र ८० कोटींच्या पुढे जातं. तिथे `tabix -C` ने `.csi` इंडेक्स करावा लागतो.

गेल्या महिन्यात मॅडमनी नवीन प्रश्न काढला : अमुक एका माणसाचे सगळ्या जीनोममधले सगळे फरक द्या. इथे इंडेक्सचा काडीचा उपयोग नाही. तो स्थानाप्रमाणे लावलेला आहे, माणसाप्रमाणे नाही, आणि एका माणसाचा रकाना दोन कोटी ओळींत विखुरलेला आहे; त्या २५ बाइट्ससाठी प्रत्येक वेळी ३० केबीची अख्खी ओळ उलगडावी लागते. हीच गत सिकलसेलच्या बदलाचं `rs334` असं नाव टाकून शोधण्याची, आधी नावाचं स्थान करून घ्यावं लागतं. पण तुकडे आता स्वतंत्र असल्यामुळे पूर्ण वाचनही आठ कोअरमध्ये वाटता येतं, जे साध्या `gzip` ला जमत नव्हतं. `bcftools view -s` ला `--threads 8` दिला की उलगडण्याचं काम धाग्यांत वाटलं जातं. असे प्रश्न महिन्यातून दोन-तीनच येतात. रोज यायला लागले तर १२०० लोकांच्या १२०० वेगळ्या फाइली करून ठेवणं परवडेल, तोवर मुलगा ते संध्याकाळी लावून घरी जातो.